नुसता हात केला

धुकं असं होतं की वायपर फिरतोय का नाही तेही कळत नव्हतं. खडकजाईचं वळण मी दुसऱ्या गिअरात उतरत होतो, म्हणून वाचलो. वळलो आणि समोर चिऱ्यांनी भरलेला ट्रक, एक्सल तुटून रस्त्यात आडवा. ना दिवा, ना मागं ठेवलेला दगड, ना झाडाची फांदी. मी उभा राहून ब्रेक दाबला. गाडी थांबली ती ट्रकपासून हातभर. मागं बायका ओरडल्या, कुणाचं तरी कोंबडीचं पिलू मोकळं सुटलं आणि आमचा कंडक्टर नसीम मुलाणी तिकिटाच्या पेटीसकट दांडीवर आपटला. त्याच्या कपाळाला हे एवढं टेंगूळ आलं.

लोक खाली उतरले, ट्रकवाल्याच्या आईबापाचा उद्धार झाला, सगळं यथासांग झालं. मग मुलाणी कपाळ चोळत माझ्या केबिनपाशी आला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, बजरंगरावांची गाडी आत्ताच वर गेली की. ती इथनंच आली असणार."

मला ते आधीच कळलं होतं. वळणाच्या वरच्या अंगाला बजरंगची गाडी मला आडवी गेली होती. त्यानं ट्रक बघितला होता. ट्रकच्या कडेनं गाडी काढून तो वर आला होता. आणि माझ्याकडं न बघता सरळ निघून गेला होता.

आता ज्यांनी कधी घाटात गाडी चालवली नाही त्यांना यात काय मोठं असं वाटेल. म्हणून सांगतो. घाटात एसटीची एक गाडी दुसरीला भेटली की ड्रायव्हर हात करतो. स्टिअरिंगवरून नुसता पंजा वर. त्याचा अर्थ रामराम, आणि त्याचा अर्थ खाली रस्ता मोकळा आहे. पंजा खाली दाबल्यासारखा दोनदा हलवला तर हळू जा, पुढं काहीतरी आहे. दरड असेल, गुरं असतील, साहेबाची गाडी असेल. ओळख असो नसो, परक्या आगाराचा असो, हात करायचाच. हे कुणी शिकवत नाही. नवीन पोरगा लागला की आठवड्यात आपोआप शिकतो. बापाशी बोलत नसलेला ड्रायव्हरसुद्धा घाटात त्याला हात करेल.

फक्त मी आणि बजरंग पाटणे एकमेकांना करत नव्हतो. अडीच-तीन वर्षं झाली असतील.

बजरंग आणि मी एकाच दिवशी भरती झालो. आगाराचं नाव सांगत नाही, ती माणसं अजून आहेत आणि त्यांना वाईट वाटायची सवय आहे. देशावरचं, घाटाच्या डोक्यावरचं आगार एवढं समजा. एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर पिठलं केलं. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगी बघायला माझ्याबरोबर तो आला होता, आणि हौसाला आजही वाटतं की पसंती खरं तर त्यानंच दिली. तिचं काही चुकत नाही.

मग ते खडकजाईच्या मोरीचं झालं. बजरंग खाली उतरत होता, मी वर येत होतो. वळण मोठं घ्यायची त्याला खोडच होती. त्या दिवशी तो पार माझ्या बाजूला आला, मला बघून त्यानं गाडी आत घेतली आणि मोरीच्या कठड्याला घासली. एका म्हाताऱ्याचा हात मोडला. बजरंगनं चौकशीत सांगितलं, एक जीप ओव्हरटेक करून आली, तिला वाचवायला गेलो. आणि साक्षीला नाव दिलं माझं.

जीप नव्हती. मी जबाब दिला, जीप नव्हती. तो म्हातारा गळ्यात हात बांधून माझ्या समोरच्या बाकावर बसला होता, आणि त्याच्यासमोर मला जीप दिसेना. बजरंग सस्पेंड झाला, पुढं त्याची वेतनवाढ थांबली.

कँटीनमध्ये तो मला भेटला तेव्हा कँटीन भरलेलं होतं. तो म्हणाला, "एक शब्द बोलायचा होता तुला. एक. आजपासून सर्जा ढेबे मला मेला." मीही काही गप्प बसणारा नाही. मी म्हणालो, मेलेल्याला खोटं बोलायला सांगत जाऊ नको मग. तेवढंच. हाणामारी नाही, काही नाही. त्यानं चहा तसाच ठेवला आणि गेला.

तेव्हापासून आगारात दोन तट. एका तटाचं म्हणणं, ड्रायव्हरनं ड्रायव्हरच्या विरुद्ध जबाब दिला, हा माणूसच नव्हे. ते मला पाण्याचा ग्लास सरकवायचे नाहीत. दुसरा तट म्हणायचा, सर्जेराव खरा, पाटण्यानं येऊन पाय धरावेत. मला दोन्ही तट सारखेच नकोसे होते. बजरंगनं मुक्कामाची गाडी मागून घेतली. संध्याकाळी खाली कोकणात न्यायची, सकाळी वर आणायची, म्हणजे आगारात माझं तोंड बघायला नको. आणि गंमत बघा, माझी सकाळची गाडी खाली जाणारी. म्हणजे तोंड चुकवायला त्यानं ड्युटी घेतली आणि रोज सकाळी घाटात आमचीच गाठ. समोरासमोर, खिडकीला खिडकी, दोघांच्या मधे एवढं अंतर की हात लांब केला तर चुना देता येईल. दोघंही समोर बघायचो.

तर त्या ट्रकच्या दिवशी संध्याकाळी आगारात सगळ्यांना कळलं. मुलाणीच्या कपाळाची मिरवणूकच निघाली होती. माझ्या तटातले खूश झाले. तक्रार द्या म्हणाले, लेखी द्या, चाळीस माणसं मेली असती, आता सापडला बघा. तात्या शेलार, आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, रिटायर व्हायला आलेले, युनियनमध्ये वजन असलेले, त्यांनी तर कागदही आणून दिला. मी कागदाचा पुडा केला आणि त्यात शेंगा बांधून घरी नेल्या.

हौसाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. एवढंच म्हणाली की शेवंता भेटली होती बाजारात. शेवंता म्हणजे बजरंगची बायको. त्यांनी गावाकडं बदली मागितलीय, सातारच्या पल्याड, उन्हाळ्याच्या आत ऑर्डर येईल असं म्हणत होती.

"येऊ दे," मी म्हणालो.

"येऊ दे काय? एकदा गेले की गेले. मग हायेत तुम्हाला दोन तट, बसा कवटाळून."

मला राग आला. राग आला की मी खरं बोलतो. मी म्हणालो, मला तो पाहिजे. पण मी माफी मागणार नाही. जीप नव्हती. मरताना विचारलं तरी नव्हती.

हौसा म्हणाली, "माफी मागा म्हणलं कुणी? तुम्ही त्यांना हात तरी करता का?"

मी जेवलो नाही त्या दिवशी. म्हणजे जेवलो, पण तिला दाखवायला उशिरा जेवलो.

मी सगळा विचार केला, उगाच नाही. त्याच्या घरी गेलो तर काय होईल? एक तर त्याला मला बसा म्हणावं लागेल, नाहीतर दार लावावं लागेल. दोन्ही त्याच्यावर जुलूम. बायकापोरांच्या देखत माणसाला असं कोंडीत पकडायचं नसतं. फोन केला तर तो वाजणार, त्याला उचलायचा का नाही ते ठरवावं लागणार, उचलला तर काहीतरी बोलावं लागणार, आणि आम्ही दोघं बोललो की पहिल्या वाक्याला मोरी आणि दुसऱ्या वाक्याला जीप. कुणाच्या हाती निरोप धाडला तर तो निरोप आगाराचा होणार, त्याला मीठमसाला लागणार. राहिला घाट. घाटात गाड्या एकमेकींना आडव्या जायला डोळा मिटून उघडायला लागेल तेवढा वेळ. तेवढ्यात भांडता येत नाही. त्यानं बघितलं नाही तर कुणाला कळणारही नाही, त्याची मान खाली जाणार नाही, माझीही नाही. रोज शंभर परक्यांना करतो तसा हात. त्यापेक्षा जास्त नाही आणि कमी नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाणीला म्हणालो, खडकजाईला मी बजरंगला हात करणार आहे, तोंड उघडायचं नाही. तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

आणि मी स्वतःला बजावून सांगितलं: हॉर्न वाजवायचा नाही. दिवे मारायचे नाहीत. दात काढायचे नाहीत. गाडी हळू करायची नाही. आणि मुख्य म्हणजे, पुढं गेल्यावर आरशात बघायचं नाही. हात केला की काम झालं. त्यानं काय केलं हे त्याचं.

त्याची गाडी आली. मी पंजा उचलला. बजरंग समोर बघत निघून गेला. मानेची शीरसुद्धा हलली नाही.

"अण्णा," मुलाणी म्हणाला, "त्यांनी बघितलं न्हाई."

"मी विचारलं का तुला?"

रोज हेच. रोज पंजा, रोज त्याचं समोर बघणं. सुट्टीच्या दिवशी बरं वाटायचं, इतकं ते जड होतं. एकदा मला असा संताप आला की हॉर्नवर हात ठेवला होता. असा दाबावा की खालच्या गावापर्यंत ऐकू जावा. म्हणावं, बघ की लेका, इकडं बघ, काय मेल्याचं तोंड करून बसतोस. पण हॉर्न वाजवला असता तर तो हात राहिला नसता, मागणी झाली असती. मागणी केली की तो नाही म्हणणार, हे मला त्याच्या आईइतकं ठाऊक होतं. मी हॉर्नवरचा हात काढला आणि तोच वर केला.

आगारात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. मुलाणीनं नाही, बजरंगच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं. झालं. माझ्या तटातले तोंड वाकडं करायला लागले. तुम्ही खरे ना, मग आधी हात तुम्ही कशाला करता? हात केला म्हणजे चुकलात. आणि पलीकडच्या तटातले मिशीत हसायचे, आला का वळणावर, नुसत्या हातानं काय होतंय, पाय धर म्हणावं.

मी डिझेल पंपापाशी उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हात म्हणजे हात. त्यात माफी नाही. मी मागत नाही, देत नाही, घेत नाही. मला त्याला रामराम करायचाय, मी करतो. ज्याला पटत नाही त्यानं माझ्याकडं बघू नये, तेवढीच माझी गाडी हलकी. सगळे पंपाच्या काट्याकडं बघायला लागले. मागून बोलले असतील, ते ड्रायव्हरला ऐकू येत नाही, इंजिन पुढं असतं.

अशात तात्या शेलारांना पुण्य करायची हुक्की आली. तात्यांचा स्वभाव वाईट नाही, पण त्यांना वाटतं की जगातलं प्रत्येक भांडण चार माणसांत बसून, नारळ फोडून, एकमेकांच्या गळ्यात हार घातल्याशिवाय मिटतच नाही. त्यांनी मला कँटीनला बोलावलं, रिटायरमेंटच्या कार्यक्रमाचं ठरवायचंय म्हणून. बजरंगलाही तसंच काहीतरी सांगून बोलावलं. मी आत गेलो तर टेबलावर दोन झेंडूचे हार, पेढ्यांचा पुडा, आणि भिंतीला लागून दोन्ही तट उभे, सिनेमाला आल्यासारखे. मागं फिरायच्या आत बजरंग दारात.

त्यानं हार बघितले. मग मला बघितलं. कितीतरी दिवसांनी तो माझ्याकडं सरळ बघत होता आणि डोळ्यात नुसता अंगार.

तात्या सुरू झाले. दोघंही आपलीच लेकरं, झालं गेलं गंगेला मिळालं, सर्जेराव आता दिलगिरी व्यक्त करतील, बजरंगराव मोठ्या मनानं...

"असं होय," बजरंग मला म्हणाला. "रोज हात करून करून इथवर आणलंस मला? वरात बघायला?"

मला वाटलं, गेलं. सगळं मातीत गेलं. रोज सकाळी जपून जपून केलेलं तात्यांनी एका पेढ्याच्या पुड्यात घातलं. पण राग बजरंगचा येईना, त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

मी म्हणालो, "हात माझा होता. हे हार माझे नाहीत."

तात्या म्हणाले, अरे पण दिलगिरी.

"तात्या, मी दिलगिरी व्यक्त करणार नाही. आणि त्यानंही करायची नाही. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घ्या. जीप नव्हती, हे मी उद्याही म्हणेन. आणि उद्या सकाळी खडकजाईला ह्याला हातही करेन. तो करो न करो. ह्या दोन्हीचा एकमेकाशी संबंध नाही. हार गाड्यांना घाला, दसऱ्याला कमी पडतात."

मी बजरंगकडं न बघता बाहेर पडलो. समजवायला थांबलो नाही. चार माणसांत एकदा कोंडलेल्या माणसाला पुन्हा दारात अडवायचं नसतं. मागं तात्या काहीतरी बोलत होते. पेढे मात्र दोन्ही तटांनी खाल्ले, असं मुलाणीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हात उचलायला जड गेला, खोटं कशाला बोलू. वाटत होतं, आज त्यानं खिडकीतून थुंकलं तरी नवल नाही. वळणाच्या वर त्याच्या गाडीचं नाक दिसलं. मी पंजा उचलला, रोजच्यासारखा, जेवढा रोज तेवढाच.

बजरंगनं माझ्याकडं बघितलं नाही. पण त्याचा उजवा हात खिडकीबाहेर आला आणि खाली दाबल्यासारखा दोनदा हलला.

हळू. पुढं काहीतरी आहे.

मी गिअर उतरवला. वळण घेतो तर रस्ताभर म्हशी, गवळी कुठं दिसेना, आणि एक म्हैस ऐन मधोमध बसलेली, जावयासारखी. रोजच्या वेगानं गेलो असतो तर तिच्या अंगावर. मी थांबलो. मुलाणी खाली उतरून म्हशी हाकायला लागला. परत चढला तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता की मलाच त्याला गप्प करावं लागलं.

"अण्णा, त्यांनी हात केला."

"हात नाही केला. म्हशी सांगितल्या."

"तेच की वो."

"तेच नव्हे. आणि आगारात एक अक्षर बोललास तर पुढच्या स्टॉपला उतरवीन."

ते तेच नव्हतं. तो रामराम नव्हता, ते काम होतं. कामाचा हात माणूस वैऱ्यालाही करतो, आणि तेही तो त्या ट्रकच्या दिवशी विसरला होता, ते त्यानं आज केलं. मला वाटलं, रात्री त्याच्या घरी जावं, म्हणावं, बरं झालं बाबा सांगितलंस. हौसा तर लुगडं बदलून तयार, चला म्हणे, मी पण येते. मी म्हणालो, बस खाली. त्यानं बोटभर दिलंय, आपण हात मागायला धावलो तर तो बोटही काढून घेईल. आभार मानले की त्याला वाटेल त्यानं काही दिलं, आणि मग ते परत कसं घ्यायचं याचा तो विचार करेल. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, एवढी अक्कल माझ्या बाबतीत कधी दिसली नाही ती.

दुसऱ्या दिवशी मी तेवढाच पंजा उचलला. त्यानं स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. हो, एक. पहिलं बोट. तेही असं की विचारलं असतं तर म्हणाला असता, माशी बसली होती. मी आरशात बघितलं नाही. मुलाणीनं बघितलं.

मग कधी बोट, कधी दोन बोटं, कधी काहीच नाही. एकदा दोन आठवडे काहीच नाही. का, ते मी विचारलं नाही, मनातही नाही. मग एका सकाळी पुरा पंजा, परक्या ड्रायव्हरला करतात तसा, झटकून टाकल्यासारखा. तेवढ्यावर मी अख्खा घाट शीळ घालत उतरलो. प्रवाशांनी तक्रार केली नाही, नशीब.

पहिला शब्द आगारात झाला. मी गाडी धुवायच्या जागी उभी करत होतो, तो मुक्कामाची गाडी काढायला चालला होता. माझ्या गाडीपाशी थांबला, बॉनेटकडं बघत म्हणाला, "पट्टा सैल झालाय तुझा. घाटात आवाज येतोय."

"वाटलंच मला."

"उद्या तुटेल."

"आज बदलून घेतो."

गेला. त्या सैल पट्ट्याचं मला इतकं कौतुक वाटलं की मेकॅनिकला म्हणालो, जुना मला दे. मग वाटलं, वेडा झालास का, आणि तिथंच टाकून दिला. पण तुम्ही बघा, बोलला ते पट्ट्यावर. मोरीवर नाही, जीपवर नाही, माझ्या तब्येतीवर नाही. मीही पट्ट्यावरच राहिलो. पुढच्या वेळी टायरवर बोललो. मग डिझेलवर, मग नवीन आलेल्या साहेबावर, ज्याला दोघांनाही शिव्या घालता येत होत्या. नव्या साहेबाइतका उपयोगी माणूस नाही, त्यांना माहीत नाही ते किती भांडणं जोडतात.

मोरीचा विषय दोघांनीही काढला नाही. आगाराला चैन पडत नव्हतं. मिटलं का, कुणी माघार घेतली, काय बोलणं झालं. मी सांगायचो, पट्ट्याचं झालं. कुणाला पटायचं नाही.

आणि ऑर्डर आली. त्याची बदली मंजूर. हौसानं सांगितलं आणि मी हातातली भाकरी ताटात ठेवली. इतके महिने मी याच भीतीनं हात करत होतो, आणि हात चालू असतानाच तो निघाला. मनात आलं, आता तरी जावं, आता तरी बोलावं, उद्यापासून घाटात कुणाला हात करणार? हौसा म्हणाली, जा की आता. मी गेलो नाही. एवढे दिवस त्याच्यावर काही लादलं नव्हतं, जाताना कशाला लादू? त्याला यायचं तर येईल. नाही तर माझा एक हात बाकी आहे, तेवढा मी करणार आणि त्यावर त्याला सोडणार. मला रडू आलं तर मी घाटात रडेन, तिथं वाफ असतेच काचेवर.

त्याची शेवटची फेरी. स्वच्छ ऊन पडलं होतं. त्याची गाडी वळणावरून वर आली आणि मी पंजा उचलला. बजरंगची गाडी हळू झाली. आणखी हळू झाली. आणि माझ्या खिडकीला खिडकी लावून थांबली. चढावर, ऐन वळणात, जिथं थांबवणाऱ्याला तो स्वतः शिव्या द्यायचा. मी थांबलो. मागून एका जीपवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेना.

बजरंग समोर बघत होता. मग माझ्याकडं वळला. कानशिलावरचे केस पार पांढरे झाले होते, ते मला त्या दिवशी दिसलं.

"मी तुला माफ केलेलं नाही," तो म्हणाला. "सांगून ठेवतो."

"मी मागितली कुठं?"

"मागू नकोस. मिळायची नाही."

"तूही मागू नको."

"मी कशाला मागू?"

मागून जीपवाला ओरडत होता. बजरंगच्या गाडीतले लोक खिडकीला आले होते. मुलाणी माझ्या खांद्यामागून डोकावत होता. बजरंगनं गिअर टाकला, क्लच अर्धा सोडला, आणि जाता जाता ओरडून म्हणाला, "रविवारी सामान हलवायचंय. शेवंता म्हणती कपाट एकट्याला उचलणार नाही. येतोस का?"

मी गेलो. हौसाही आली. सगळं घर ट्रकात भरलं आणि लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवताना आम्ही दोघं इतके भांडलो, कुणी कुठून धरायचं यावरून, की शेजारचे बाहेर आले. शेवंता म्हणाली, झालं का सुरू. माझ्या करंगळीवर तेवढ्यात कपाट बसलं, ते नख अजून वाकडं आहे. बजरंगनं बघितलं आणि म्हणाला, "मी सांगत होतो, डावीकडनं धर."

आता आम्ही दोघंही रिटायर होऊन जमाना झाला. त्याच्या पोरीच्या लग्नात तात्या शेलारांच्या पोरानं, बापावरच गेलेला आहे, पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं की काका, तुमच्या दोघांचं ते शेवटी मिटवलं कुणी?

बजरंग जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "मिटलंय कुठं? हा अजून म्हणतो जीप नव्हती."

"नव्हतीच," मी म्हणालो.

"ऐकलंस?" बजरंग त्या पोराला म्हणाला, आणि वाढप्याला हाक मारून माझ्या पानाकडं बोट दाखवलं. "ह्याला भात वाढ. आणि तूप हातचं राखू नको."